हरिश्चंद्राची फॅक्टरी: बघाच, फक्त एक गोष्ट खटकली

रविवारी आईसोबत परत एकदा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' लावला. २०१० ला थेटरात बघितला होता तेव्हा नुसती हसत हसत बाहेर आले होते, यावेळी पण हसले, पण मध्येच अडखळले.

आधी सांगून टाकते, बघाच, घरातल्या पोरांना घेऊन बघा. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन.

परेश मोकाशींचा हा पहिलाच पिक्चर, दादासाहेब फाळक्यांनी १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' कसा उभा केला त्याची गोष्ट. मोकाशी नाटकातून आलेले आणि ते दिसतं, कॅमेरा फारसा हलत नाही, माणसं समोरून येतात, बोलतात, निघून जातात. काहीजणांना हे नाटकी वाटतं, मला उलट बरोबर वाटलं कारण गोष्टच मूकपटाच्या काळातली आहे, जुना पिक्चर बघितल्यासारखी मजा येते. फाळके झालेले नंदू माधव तर कमाल. डोळ्यात सतत ते लहान मुलाचं कुतूहल, कुंडीतलं वाटाण्याचं रोप वाढताना रोज थोडं थोडं शूट करायचं आणि मग पडद्यावर ते भराभर वाढताना बघायचं, एवढ्यावर हा माणूस हरखून जातो आणि आपणही. तारामती करायला बाई मिळेना म्हणून पुरुष घेतले आणि मग मिशा काढायची वेळ आली तेव्हाचा गोंधळ, तिथे आई पोट धरून हसली.

आता खटकलं ते. पिक्चर इतका आनंदी आहे की त्रास कुठे लागतच नाही. घरातलं सामान एकेक करून विकायला जातंय, डोळ्यांवर बेतलं, सगळं पटकन हसतखेळत निघून जातं. आणि फाळक्यांची बायको, सरस्वतीबाई. विभावरी देशपांडेंनी गोड काम केलंय, तक्रार अभिनयाबद्दल नाहीच, पण संसार डोळ्यासमोर रिकामा होताना ही बाई एकदाही घाबरत नाही? एवढ्या माणसांचं जेवणखाण, पोरं, वर फिल्मचं काम शिकायचं, आणि चेहऱ्यावर कायम उत्साह. आई एवढंच म्हणाली, "दमत असेल गं ती." तिचा एक दमलेला सीन असता, दोन मिनिटांचा, तरी फाळक्यांचं वेड जास्त मोठं वाटलं असतं, कारण त्याची किंमत कळली असती.

मोकाशींनी हे मुद्दाम केलंय हे कळतं, रडका चरित्रपट करायचाच नव्हता त्यांना, आणि त्या ठरवण्यामुळेच पिक्चर दीडेक तास कुठे जड होत नाही. पण त्याच ठरवण्यात सरस्वतीबाई हातून निसटल्या असं मला वाटतं, म्हणून दीड मार्क कापला.

भाचा नऊ वर्षांचा आहे, तो आमच्यासोबत बघत होता. संपल्यावर सरळ किचनमध्ये जाऊन वाटाणे मागायला लागला, आता खिडकीत कुंडी आहे आणि माझा फोन रोज सकाळी पाच मिनिटं त्याच्याकडे.