परत आलेल्या चिवड्याचे विश्लेषण: कारण-कोड आणि बॅचनुसार (पॅकिंग मे ते ऑगस्ट २०२५)

सादर करणार: गुणवत्ता विभाग, सातपूर कारखाना
प्रति: कारखाना व्यवस्थापक, उत्पादन, खरेदी, विक्री आणि वितरण विभागप्रमुख
दिनांक: १२ जानेवारी २०२६

सप्टेंबर-ऑक्टोबरच्या मासिक अहवालांत पातळ पोह्यांच्या चिवड्याचा (२०० ग्रॅम) परत माल अचानक वाढलेला दिसला. दिवाळीचा जादा साठा आणि गाड्यांमधली आदळआपट असे त्याचे कारण तेव्हा नोंदवले गेले. तोच माल आता बॅचनुसार लावून पाहिला, तर दोन्ही कारणे टिकत नाहीत. बहुतेक नुकसान जूनच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, आपल्याच कारखान्यात झाले आहे. एक कारण मशीन क्रमांक २ चा वेग, दुसरे खोबऱ्याचा एक लॉट.

काय मोजले, कसे मोजले

१ मे ते ३१ ऑगस्ट या काळात पॅक झालेल्या ६२ बॅच घेतल्या. प्रत्येक बॅच ९,००० पाकिटांची, म्हणजे एकूण ५,५८,००० पाकिटे. चिवड्याची मुदत चार महिन्यांची असल्याने ३१ डिसेंबरपर्यंत परत आलेला माल मोजला. सगळ्या बॅचची मुदत संपेपर्यंत थांबलो ते मुद्दाम. दुकानातून डेपोत आणि डेपोतून आपल्याकडे माल यायला पाच-सहा आठवडे जातात, त्यामुळे ताजी बॅच नेहमीच चांगली दिसते आणि तुलना फसते.

पाकिटांचा नुसता आकडाही फसवतो. म्हणून पुढचे सगळे दर असे काढले आहेत:

```
दर = (परत आलेली पाकिटे ÷ रवाना झालेली पाकिटे) × १०००
```

एकूण ६,६९६ पाकिटे परत आली, म्हणजे हजारी १२. पाकिटामागे ४६ रुपयांप्रमाणे ३,०८,०१६ रुपयांच्या क्रेडिट नोट निघाल्या. परतीचे भाडे वेगळे. शिवाय ९१२ पाकिटे बॅच क्रमांकाशिवाय नोंदली गेली. ती या हिशेबात नाहीत. त्यांतली बरीचशी चिपळूण डेपोची आहेत. कोकणातल्या दमट हवेत सीलचा दोष लवकर उघडा पडतो, त्यामुळे ही माहिती हातची जायला नको होती.

| कोड | कारण | पाकिटे |
|---|---|---|
| ०१ | खवट, वास, चव बिघडली | १,३१८ |
| ०२ | मऊ पडला | १,०४२ |
| ०३ | वाहतुकीत फुटले | २,२१४ |
| ०४ | मुदत संपली किंवा संपत आली | १,४८६ |
| ०५ | वजन, छपाई | १४८ |
| ०६ | इतर | ४८८ |

कोड ०३: गाडीचा दोष की सीलचा

सगळ्यात मोठा आकडा याच कोडचा, आणि त्यावर सगळ्यात कमी विश्वास ठेवावा असे माझे मत झाले आहे. पाकीट उघडे दिसले की विक्री प्रतिनिधी ‘वाहतुकीत फुटले’ टाकतो. त्यात त्याची चूक नाही. सील सुटल्यासाठी आपण त्याला वेगळा कोड दिलेलाच नाही.

नाशिक डेपोत राखून ठेवलेली ४०० पाकिटे आम्ही एकेक करून तपासली. ८१ पाकिटांना भोक होते किंवा दबल्याच्या खुणा होत्या. हे नुकसान खरोखर वाहतुकीतले. ५६ पाकिटांचे काही ठरवता आले नाही. उरलेल्या २६३ पाकिटांची फिल्म शाबूत होती, पण आडव्या सीलमध्ये पोह्याचा चुरा अडकला होता आणि तिथूनच सील सुटले होते. हा नमुना एकाच डेपोचा आहे, त्यामुळे हे प्रमाण सगळ्या २,२१४ पाकिटांना जसेच्या तसे लावू नये. तरी ‘फुटले’ म्हणून आलेल्या मालातला मोठा हिस्सा सील सुटल्याचा आहे, एवढे यातून नक्की होते.

सील पुरते सुटले तर पाकीट कोड ०३ मध्ये जाते. केसाएवढी फट राहिली तर आतला नायट्रोजन निघून जातो, दमट हवा शिरते आणि तेच पाकीट कोड ०२ मध्ये येते. दोष एकच असल्याने हे दोन कोड एकत्र करून (३,२५६ पाकिटे) बॅच क्रमांकाप्रमाणे फोड केली. क्रमांकाच्या शेवटी मशीन आणि पाळी असते: CH25-0717-2B म्हणजे १७ जुलै, मशीन २, दुसरी पाळी.

| गट | बॅच | परत पाकिटे | हजारी दर |
|---|---|---|---|
| मशीन १ | ३४ | ८२६ | २.७ |
| मशीन २, पहिली पाळी | १५ | ५९२ | ४.४ |
| मशीन २, दुसरी पाळी | १३ | १,८३८ | १५.७ |

एवढ्यावर थांबलो असतो तर दुसऱ्या पाळीच्या माणसांवर ठपका आला असता, आणि तो चुकीचा ठरला असता. त्या १३ बॅचपैकी ९ बॅच ७ जुलै ते १४ ऑगस्टच्या आहेत. त्यांचा दर १९.८. त्याच पाळीने इतर दिवशी भरलेल्या ४ बॅचचा दर ६.६. लॉगबुकात या तारखांना एकच बदल सापडतो: गणपतीच्या ऑर्डर पुऱ्या करण्यासाठी दुसऱ्या पाळीत मशीन २ चा वेग मिनिटाला ३८ वरून ४६ पाकिटांवर नेला होता. पहिल्या पाळीत तो ३८ वरच होता. हा निर्णय वरून आला होता. ऑपरेटरने ‘सीलमध्ये माल येतोय’ अशी नोंद दोनदा केली आहे. त्या नोंदींवर कोणाचीही सही नाही.

वेगाने हे का होते ते मशीनपाशी उभे राहिले की कळते. शेव किंवा डाळ जड असते, ती एकदम खाली पडते. पातळ पोहे तरंगत उतरतात, आणि नायट्रोजनचा झोत त्यांना आणखी वर उडवतो. वेग वाढला की शेवटची चिमूट खाली पोचायच्या आत जॉ मिटतो. शिवाय जॉ फिल्मला कमी वेळ चिकटून राहतो, त्यामुळे त्याच तापमानात सील कच्चे बसते. त्या काळात जॉचे तापमान वाढवल्याची नोंद नाही. वाढवले असते तरी अडकलेला चुरा गेला नसता.

मूळ वेगातही मशीन २ चा दर मशीन १ पेक्षा जास्त आहे. त्यासाठी जॉचे दात आणि टेफ्लॉन पट्टी पाहावी लागेल. देखभाल विभागाला ते काम दिले आहे.

कोड ०१: तेल नाही, खोबरे

खवट मालाचा दर दोन्ही मशीनवर जवळपास सारखा आहे: २.४ आणि २.३. म्हणजे इथे सीलचा संबंध नाही. पहिला संशय तळणाच्या तेलावर गेला. पण तेलातल्या टोटल पोलर कंपाउंड्सच्या आपल्या नोंदी ११ ते १७ टक्क्यांच्या आत आहेत. एफएसएसएआयची मर्यादा २५ टक्के आहे. शिवाय खराब निघालेल्या बॅच तीन वेगवेगळ्या टाक्यांतल्या तेलात तळलेल्या होत्या.

दिशा मिळाली ती ग्राहकांच्या शब्दांतून. शेरा लिहिलेले ९६ क्लेम वाचले. ६१ क्लेममध्ये ‘साबणासारखी चव’ किंवा त्याच अर्थाचे काही होते. जुन्या, हवेने बिघडलेल्या तेलाला अशी चव नसते. खोबऱ्याच्या तेलात लॉरिक आम्लाचे प्रमाण सर्वाधिक असते. खोबरे ओलसर राहिले, त्यावर बुरशी धरली की तिची विकरे तेल फोडून लॉरिक आम्ल मोकळे करतात, आणि साबणासारखी चव त्याचीच. नंतर काप कितीही खरपूस तळले तरी ती पूर्ण जात नाही.

मग बॅच खोबऱ्याच्या लॉटनुसार लावल्या. १९ जून ते ५ जुलैच्या ११ बॅचमध्ये लॉट के-३१ वापरला होता. त्यांतून कोड ०१ ची ८७१ पाकिटे आली, दर ८.८. बाकीच्या ५१ बॅचमधून ४४७, दर १.०. राखीव नमुन्यांतले खोबऱ्याचे काप वेगळे काढून तपासले, तेव्हा के-३१ मध्ये मुक्त स्निग्ध आम्ल १.९ टक्के निघाले, इतर लॉटमध्ये ०.४, पेरॉक्साइड मूल्यात फरक नव्हता.

हा लॉट पावसात आला. आपल्या मानकाप्रमाणे खोबऱ्यात ओलावा ६ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, पण आवक नोंदवहीत त्या दिवशीचा ओलाव्याचा रकाना कोरा आहे. गोदामात उरलेल्या १४० किलोंत आज ८.९ टक्के ओलावा भरतो. इतके महिने पडून त्यात बदल झाला असेल, म्हणून या आकड्यावरून मी पुरवठादाराला दोष देत नाही. उरलेला माल सीलबंद केला आहे आणि अफ्लाटॉक्सिनच्या तपासणीसाठी नमुना एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत गेला आहे. तिचा अहवाल आल्याशिवाय त्यातला एक किलोही बाहेर निघणार नाही.

कोड ०४ आणि ०६

मुदत संपलेला माल विक्रीचा विषय मानला जातो. पण वरच्या ९ आणि ११, अशा २० बॅचमध्ये कोड ०४ चा दर ४.५ आहे, बाकीच्या ४२ मध्ये १.८. एक-दोन पाकिटे मऊ किंवा बेचव निघाली की दुकानदार उरलेली मागे सारतो आणि मुदत संपल्यावर परत पाठवतो. त्या वेळी कागदावर दोष दिसत नाही. कोड ०६ मध्ये शेराच नसल्याने त्यावर काही म्हणता येत नाही.

काय करायचे

मशीन २ वर पातळ पोह्यांच्या चिवड्यासाठी मिनिटाला ३८ ची कमाल मर्यादा आजपासून लागू करावी. सणाच्या ऑर्डरसाठी वेग वाढवण्याऐवजी आठवडाभर आधी तिसरी पाळी लावावी. तिचा खर्च उत्पादन विभागाने काढून द्यावा. दर अर्ध्या तासाला पाच पाकिटांची व्हॅक्युम गळती चाचणी घ्यावी. एकही गळले तर मागच्या अर्ध्या तासाचा माल रोखावा. ऑपरेटरने दोष नोंदवला तर पाळीप्रमुखाची सही झाल्याशिवाय मशीन पुढे चालू नये.

खोबऱ्याचा ओलावा मोजल्याशिवाय गाडी उतरवू नये. जून ते सप्टेंबर प्रत्येक पोत्यातून नमुना घ्यावा.

१ फेब्रुवारीपासून कोड ०३ चे दोन भाग करावेत: ०३अ पाकीट फाटले किंवा दबले, ०३ब सील सुटले. कोड ०१ चेही दोन: ०१अ जुनाट तेलाचा वास, ०१ब साबणासारखी किंवा कडवट चव. कोड ०६ ला शेरा आणि प्रत्येक क्लेमला बॅच क्रमांकाचा फोटो सक्तीचा करावा. प्रतिनिधींना ही पाकिटे प्रत्यक्ष हातात देऊन दाखवावी लागतील. प्रत्येक डेपोत त्यासाठी मी स्वतः जाईन.

वितरण विभागाला एक आग्रहाची विनंती. जुलै-ऑगस्टच्या मालापोटी ट्रान्सपोर्टरांच्या बिलांतून ‘फुटतूट’ म्हणून रक्कम कापली आहे. ती प्रत्येक कपात बॅच क्रमांकाशी ताडून पाहावी आणि वरच्या ९ बॅचमधल्या सुटलेल्या सीलपोटी कापलेले पैसे फेब्रुवारीच्या बिलात परत करावेत. तो दोष त्यांचा नव्हता.

पुढची मोजणी जानेवारी ते मार्चमध्ये पॅक होणाऱ्या बॅचची असेल. त्यांची मुदत जुलैअखेर संपते. अहवाल १४ ऑगस्टला देऊ. मशीन २ चा ०२ आणि ०३ब मिळून दर हजारी ३ च्या खाली आला नसेल, तर जॉ बदलण्याचा प्रस्ताव त्याच अहवालासोबत येईल.