चि. सौ. सईला, पहिल्या मंगळागौरीनिमित्त

नाशिक
आषाढ अमावास्या, २४ जुलै २०२५

चि. सौ. सई,

तुला आणि निनादला खूप खूप आशीर्वाद.

आज दिव्यांची अवस. सकाळी घरातले सगळे दिवे, समया, निरांजनं चिंचेनं घासून पाटावर मांडली आणि पहिली आठवण तुझी आली. उद्यापासून श्रावण, आणि येत्या मंगळवारी तुझी पहिली मंगळागौर! परवा फोनवर तुझा आवाज ऐकला तेव्हापासून लिहायचं मनात होतं. फोनवर काय, तू "हो ताई, हो ताई" म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्र पुन्हा उघडून वाचता येतं.

तू म्हणालीस, "ताई, मला गाणी येत नाहीत, खेळ येत नाहीत, सोळा पत्रींमधली चार नावं धड सांगता येत नाहीत, आणि सगळे माझ्याकडेच बघणार." अगं, बघणारच! नव्या नवरीकडे नाही बघायचं तर कुणाकडे? पण तुझी परीक्षा घ्यायला कुणी बसलेलं नसतं, सई. तिथे येणाऱ्या प्रत्येकीला स्वतःचा पहिला श्रावण आठवत असतो. तू चौरंगासमोर बसलीस की त्या सगळ्याजणी तुझ्यात स्वतःला बघतात, म्हणून तर त्यांचे डोळे इतके मऊ असतात.

या वर्षीचा योग मोठा छान आहे. पहिला मंगळवार २९ जुलैला, त्याच दिवशी नागपंचमी. मंगळागौरीच्या कहाणीत त्या मुलीच्या नवऱ्याला डसायला सर्प येतो, ती त्याच्यापुढे दूध ठेवते, तो कोऱ्या कऱ्ह्यात शिरतो आणि ती अंगच्या चोळीनं कऱ्ह्याचं तोंड बांधून टाकते. सकाळी आई उघडून बघते तर आत हार! ही कहाणी यंदा तू नागपंचमीलाच ऐकणार. मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण लग्नानंतर ऐकली तेव्हा मला त्यातली ती मुलगीच दिसायला लागली. मध्यरात्र, शेजारी झोपलेला जेमतेम ओळखीचा नवरा, आणि ती घाबरूनही हात चालवते. तुला खेळ येत नाहीत म्हणतेस ना, तिलाही साप धरायची सवय नव्हती.

नागपंचमीला आपल्याकडे चिरत नाहीत, तळत नाहीत, तवा ठेवत नाहीत. त्यामुळे पुरणपोळीऐवजी पुरणाची दिंडंच नैवेद्याला, हे मावशीनं आधीच ठरवलंय. हळदीच्या पानावर उकडलेली दिंडं आणि वर साजूक तूप! सांगलीत राहून हळदीच्या पानाला कमी नाही. मोदकपात्राचं झाकण उघडल्यावर जो वास येतो ना, त्यासाठी मी यायलाच हवं होतं. पण सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारी आहे, त्यांना सोडून निघता येणार नाही. याची चुटपुट मला दिवसभर लागून राहील.

आता थोडं कामाचं. पत्री आदल्या संध्याकाळीच आणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, सकाळी बाजारात मिळेल या भरवशावर राहू नका. आघाडा ताटात वेगळा ठेव, त्याचे तुरे काठाला असे चिकटतात की पैठणीच्या जरीतून एकेक वेचून काढावे लागतात. माझ्या हिरव्या साडीत दिवाळीपर्यंत एक राहिला होता. रुईचं पान खुडलंस की हात धुऊन मगच डोळ्यांना लाव, तिचा चीक वाईट. धोत्रा तर वहिनीच्या छोट्याच्या हाताला लागेल असा कुठेही ठेवू नका. पूजेनंतर सगळं निर्माल्य नदीवर नेऊ नका, मागच्या अंगणातल्या पेरूखाली घाला. पावसात ते आठ दिवसांत माती होतं.

कणकेचे सोळा दिवे मात्र तू स्वतः कर. दुसऱ्या कुणाला करू देऊ नकोस. कणीक घट्ट मळायची, चिमूटभर हळद, तुपाचं बोट. लिंबाएवढा गोळा घेऊन अंगठ्यानं मधे खळगा करायचा आणि कड चिमटीत दाबत फिरवत न्यायची, वातीपाशी किंचित चोच. पहिले तीन-चार वाकडे होतात. पाचव्यापासून अंगठ्याला कळतं. बाराव्यापर्यंत तू गप्प झालेली असशील, आणि आजूबाजूला काय चाललंय याचं भान राहिलेलं नसेल. माझ्यासाठी पूजा तिथेच सुरू झाली होती, गुरुजी यायच्याही आधी.

जेवताना मौन असतं हे तुला माहीत आहेच. तुझ्यासारखी बडबडी मुलगी तासभर गप्प कशी बसणार म्हणून सगळे तुला चिडवतील. पण मला विचारशील तर अख्ख्या दिवसातला मला सगळ्यात आवडणारा भाग तोच. लग्न ठरल्यापासून तू सारखी कुणाला तरी उत्तरं देतेयस. नव्या घरात, ऑफिसात, नातेवाइकांच्या फोनवर. त्या एका पंगतीत तुला कुणी काही विचारणार नाही. शेजारी तुझ्यासारख्याच चार वशेळ्या, पानात वरणभात, बाहेर पाऊस. सावकाश जेव. मीठ हवं असेल तर हातानं खूण कर, मावशीचं लक्ष तुझ्याच पानावर असेल.

आता मनातलं एक सांगते, हे पत्र खरं तर त्यासाठीच लिहायला घेतलं.

२०१६ साली माझी मंगळागौर झाली तेव्हा रात्रभर सगळ्यांना नाचवलं ते मोठ्या मावशीनं. तू तेव्हा शाळेत होतीस, कोपऱ्यात उशीला टेकून जागायचा हट्ट धरून बसली होतीस. आठवतं? मावशी पदर खोचून मधे उभी राहिली आणि लाटणं, सूप, गाठोडं, कोंबडा, एकामागून एक. सासू-सुनेच्या भांडणात ती सासू झाली आणि माझ्या सासूबाई हसून हसून खाली बसल्या. पहाटे साडेतीनला तिनं मला तवा फुगडी शिकवली. "पायाकडे बघू नकोस गं, माझ्या डोळ्यांत बघ," म्हणाली. फुगडीतलं सगळं कसब त्या एका वाक्यात आहे.

काका गेले त्याला आता दोन वर्षं झाली. तेव्हापासून ती अशा कार्याला येते, पण स्वयंपाकघराच्या बाहेर येत नाही. कुणी तिला ये म्हणत नाही, कुणी नको असंही म्हणत नाही, सगळेच गप्प राहतात. मागच्या श्रावणात मी ते बघितलं आणि मीही गप्प राहिले, ते मला अजून लागतं.

सई, तुझ्या पूजेत कहाणी सांगायला तिला बसव. तुझ्या शब्दाला त्या दिवशी मान आहे, नव्या नवरीचं मन कुणी मोडत नाही. आदल्या दिवशी तिच्याजवळ जा आणि म्हण, "मावशी, कहाणी तूच सांगायची, मला तुझ्याच तोंडून ऐकायची आहे." ती "अगं मी कशाला, दुसऱ्या कुणाला सांग" म्हणेल. तू हात सोडू नकोस. तुझ्या आईशी मी बोलले आहे, तिला मनापासून वाटतंय, फक्त पहिलं कुणी बोलायचं याचा संकोच आहे. आणि हळदीकुंकू देताना तिच्याही हातात हळद दे, गजरा दे. निनादच्या आईंना काय वाटेल याची चिंता करू नकोस. लग्नात माझं त्यांच्याशी निवांत बोलणं झालं होतं. त्या मोकळ्या मनाच्या आहेत, त्यांना हे आवडेल.

ज्या घरात ही सगळी गाणी तिनं जपली, त्या घरातली पहिली फुगडी तिच्याशिवाय कशी होईल?

खेळांचं म्हणशील तर सगळे यायची काहीच गरज नाही. झिम्मा आणि साधी फुगडी पुरे, बाकीचं हातात हात आला की आपोआप येतं. दोन-तीन दिवस वहिनीबरोबर अंगणात फेर धरून बघ. जागरणाला सुती साडी नेस, पैठणी पूजेपुरती. पायात पैंजण हवेत, पण जोडवी घट्ट आहेत ना ते बघून घे. मधे मधे पाणी पी. आणि दमलीस तर सरळ बस, मुलींना सांग "मी पाच मिनिटं बघते." बुधवारी सकाळी दहीभाताचा नैवेद्य आणि आरती होईपर्यंत तुला उभं राहायचंय. रजा दोन दिवसांची घेतलीस हे फार शहाणपणाचं केलंस.

पुढचे मंगळवार पुण्याला, सासरी. पाच तारखेला एकादशी, बाराला अंगारकी, एकोणीसला पुन्हा एकादशी, म्हणजे येणाऱ्या बायका निम्म्या तरी उपाशी असणार. सासूबाईंना आधीच विचारून ठेव, साबुदाणा भिजवायचा असेल तर आदल्या रात्री तूच भिजव. एवढ्या छोट्या गोष्टीनं घर आपलं वाटायला लागतं. तुझ्या घरची पद्धत आपल्यापेक्षा वेगळी असेल. आपल्याकडे अन्नपूर्णा मधोमध ठेवतात, त्यांच्याकडे कदाचित पिंडी. ते जसं करतात तसं मनापासून शीक, आणि आपलं एखादं गाणं त्यांना शिकव.

उखाणा तुला सुचत नाही म्हणालीस, म्हणून मी रात्री जुळवला. पाठ करून ठेव:

आघाडा, दूर्वा, बेल, तुळस, वाहिली सोळा पत्री,
निनादरावांचं नाव घेते मंगळागौरीच्या रात्री.

"निनादरावांचं" म्हणताना घाई करू नकोस. तिथे क्षणभर थांबायचं असतं, मुलींना ओरडायला वेळ द्यायचा असतो.

पाच वर्षं हे व्रत चालेल. पाचव्या वर्षी उद्यापनाला तू आईला वाण देशील, तेव्हा मी तिथे असेन, हा माझा शब्द. त्याआधी बाराला पुण्यात येतेय, सासूबाईंना तोवर बरं वाटेल. अंगारकीचा उपास चंद्रोदयाला सोडून मग रात्रभर खेळू. तुझ्यासाठी हिरव्या बांगड्या घेऊन ठेवल्यात, माप तुझ्या आईकडून विचारून घेतलं. मंगळवारी संध्याकाळी पूजेचा फोटो पाठव. चौरंगाचा नाही, मोठी मावशी कहाणी सांगतानाचा.

तुझी,
मृणालताई