विषय: अर्ज क्र. ४१७२ – १० जून रोजी ऑनलाइन दिलेल्या प्रश्नावलीची व अभियोग्यता चाचणीची पोच न मिळाल्याबाबत

प्रति,
भरती विभाग

महोदय/महोदया,

आपल्या खरेदी विभागातील कनिष्ठ विश्लेषक या पदासाठी मी अर्ज केला असून माझा अर्ज क्रमांक ४१७२ आहे. प्राथमिक छाननीची प्रश्नावली आणि अभियोग्यता चाचणी यांची लिंक मला शुक्रवार, ६ जून २०२५ रोजी ईमेलने मिळाली आणि दोन्ही मी मंगळवार, १० जून रोजी संध्याकाळी पूर्ण केल्या. आज पाच कामकाजाचे दिवस झाले, तरी उत्तरे मिळाल्याची कोणतीही पोच माझ्याकडे आलेली नाही. माझी उत्तरे आपल्यापर्यंत पोहोचली आहेत की नाहीत, एवढेच कृपया तपासून कळवावे, अशी माझी विनंती आहे. निकाल काय लागला हे मी या पत्रातून विचारत नाही. तो आपल्या वेळापत्रकाप्रमाणे कळेल याची मला कल्पना आहे.

त्या संध्याकाळी नेमके काय घडले ते सविस्तर सांगते, म्हणजे आपल्याला किंवा चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या तांत्रिक विभागाला नोंद शोधणे सोपे जाईल. मी ७ वाजून ५ मिनिटांनी लिंक उघडली. अठरा प्रश्नांची प्रश्नावली ७.२० च्या सुमारास भरून झाली आणि ती स्वीकारली गेल्याचा हिरवा संदेशही पडद्यावर दिसला. त्यानंतर ७.२४ ला साठ मिनिटांची अभियोग्यता चाचणी सुरू केली. चाळीसपैकी अडतीस प्रश्न सोडवून, उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे खात्रीने येत नसल्यामुळे ते तसेच ठेवून, ८.१९ ला मी Submit हे बटण दाबले. तेव्हा घड्याळात जवळपास पाच मिनिटे शिल्लक होती. बटण दाबल्यावर साधारण दोन मिनिटे चक्र फिरत राहिले आणि मग पान पांढरे झाले. आभाराचा संदेश किंवा संदर्भ क्रमांक काहीच आला नाही. उत्तरे दोनदा जाऊन गोंधळ होऊ नये म्हणून मी बटण पुन्हा दाबले नाही आणि पानही रिफ्रेश केले नाही. दहा मिनिटे थांबून ईमेलमधील मूळ लिंक उघडली, तेव्हा This link has already been used एवढेच वाक्य दिसले.

या वाक्याने माझी शंका मिटली नाही, उलट वाढली. अशा लिंका बहुधा एकदाच वापरता येतात. परंतु ती वापरली गेली अशी नोंद चाचणी उघडताक्षणी होते की उत्तरे जमा झाल्यावर होते, हे उमेदवाराला बाहेरून कळण्याचा मार्ग नसतो. पहिली शक्यता खरी असेल, तर माझी चाचणी आपल्याकडे अपूर्ण, किंवा मुदत संपलेली, अशीही दिसत असू शकेल.

पोच दुसरीकडे कुठे गेली आहे का, हेही मी पाहिले. स्पॅम आणि जाहिरातींचे फोल्डर रोज तपासते आहे. निमंत्रणाचा ईमेल ज्या पत्त्यावरून आला होता, त्या पत्त्यावर १२ जून रोजी विचारणा केली. पण तो पत्ता उत्तरे स्वीकारत नसल्याने माझा ईमेल परत आला. म्हणून पदाच्या जाहिरातीत दिलेल्या आपल्या पत्त्यावर हे पत्र थेट पाठवत आहे.

मुदतीविषयीही एक गोष्ट स्पष्ट करते. निमंत्रणात ११ जून, रात्री ११.५९ ही अंतिम वेळ दिली होती, मात्र ती कोणत्या ठिकाणच्या घड्याळानुसार धरायची याचा उल्लेख नव्हता. मी दिलेल्या सर्व वेळा माझ्या स्थानिक घड्याळाच्या आहेत. सर्व्हरवरील नोंद वेगळ्या प्रमाणवेळेत असल्यास तास, आणि कदाचित तारीखही, जुळणार नाही. त्यामुळे माझी नोंद वेळेवरून न शोधता अर्ज क्रमांकावरून शोधावी. माझी उत्तरे मुदतीच्या सत्तावीस तासांहून अधिक आधी पाठवलेली असल्यामुळे कोणत्याही प्रमाणवेळेने ती मुदतीतच ठरतात.

प्रश्नावलीची मला चाचणीपेक्षा अधिक काळजी वाटते. नोटिशीचा कालावधी, पाळीत काम करण्याची तयारी, कामाच्या ठिकाणी स्थलांतर करण्याची तयारी यांसारख्या प्रश्नांवरून पुष्कळ ठिकाणी अर्ज आपोआप गाळले जातात, आणि तिथे एखादी जागा कोरी राहिली तर ती नकार म्हणून धरली जाण्याची शक्यता असते. हिरवा संदेश आला असला तरी दोन्ही भाग एकत्र जमा होत असतील, तर शेवटच्या टप्प्यावरील अडथळ्याने पहिला भागही अडकला असू शकतो. म्हणून मी दिलेली या तीन प्रश्नांची उत्तरे इथे पुन्हा नोंदवते: माझ्या नोटिशीचा कालावधी साठ दिवसांचा आहे, पाळीत काम करण्यास मी तयार आहे आणि स्थलांतरासही तयार आहे. उरलेल्या पंधरा प्रश्नांची उत्तरे हवी असल्यास, प्रश्नावली पुन्हा पाठवताच त्याच दिवशी भरून देईन.

चाचणी पूर्ण झाल्याची नोंद आपल्याकडे असेल, तर एका ओळीचे उत्तर मला पुरेसे आहे. ती अपूर्ण दिसत असेल, तर प्रत्येक प्रश्नागणिक उत्तरे आपोआप जतन झाली आहेत का, हे चाचणी घेणाऱ्या संस्थेकडून पाहून घ्यावे आणि झाली असल्यास तीच ग्राह्य धरावीत. काहीच जतन झाले नसेल, तर मला नव्याने चाचणी देण्याची संधी मिळावी. मात्र त्या वेळी प्रश्नसंच वेगळा असावा, असे मी आपणहून सुचवते. पहिला संच मी संपूर्ण पाहिलेला आहे आणि तोच पुन्हा सोडवणे इतर उमेदवारांवर अन्याय करणारे होईल. त्याच संध्याकाळी चाचणी दिलेल्या आणखी कोणाला हीच अडचण आली असेल, तर त्यांच्याही नोंदी यानिमित्ताने पाहिल्या जाव्यात असे वाटते, कारण पोच न आल्यावर पत्र लिहिण्याचे धाडस प्रत्येकाला होतेच असे नाही.

या पदासाठी मी मन लावून तयारी केली आहे. माझी उत्तरे वाचून आपण मला नाकारले, तर तो निर्णय मी मान्य करीन. पण ती कोणी वाचलीच नाहीत आणि अर्ज मात्र बाद झाला, असे घडू नये, म्हणूनच निवडीच्या पुढच्या टप्प्याची यादी निघण्याआधी ही तपासणी व्हावी, असा आग्रह धरत आहे.

सोबत निमंत्रणाचा ईमेल, लिंक वापरली गेल्याचा संदेश दाखवणारे पडद्याचे छायाचित्र आणि परत आलेला ईमेल जोडला आहे. चाचणीतील प्रश्नांची छायाचित्रे घेण्यास मनाई असल्यामुळे ती मी घेतलेली नाहीत. ज्या संगणकावरून चाचणी दिली, त्याच्या ब्राउझरमधील त्या दिवसाची माहिती अजून पुसलेली नाही. तांत्रिक विभागाला ती उपयोगी पडणार असेल, तर काय पाठवायचे ते कळवावे. अर्जात दिलेल्या दूरध्वनी क्रमांकावर मी संध्याकाळी सहानंतर उपलब्ध असते आणि ईमेल दिवसभर पाहते.

आपली विश्वासू,
मृणाल
अर्ज क्र. ४१७२, कनिष्ठ विश्लेषक (खरेदी विभाग)
१७ जून २०२५