पेरणीपूर्व सभेत वाचावयाचे अध्यक्षांचे मनोगत
(विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी, औसा तालुका, जिल्हा लातूर, 5 जून 2025)

सभासद बंधू-भगिनींनो,

परवा-तेरवा मृग निघतो आहे आणि आपल्यापैकी अनेकांची तिफण आधीच अंगणात आलेली आहे. यंदा पाऊस केरळात 24 मे रोजीच पोहोचला आणि दोन दिवसांत मुंबईपर्यंत आला. आपल्याकडेही मे महिन्यातच शेतात पाणी साचल्याने जमीन ओली दिसते, हात शिवशिवतात आणि शेजाऱ्याने पेरले तर आपण मागे राहू असे वाटते. मात्र गेल्या आठवड्यापासून पाऊस थांबला आहे आणि वरची माती पुन्हा पांढरी पडू लागली आहे. म्हणून आजची सभा पेरणीच्या आधी बोलावली.

एका वर्षी मीही असाच फसलो. पहिल्या दोन सरींवर सहा एकर पेरले, कोंब वर आले, आणि त्यानंतर अठरा दिवस आभाळ कोरडे राहिले. कोवळी रोपे मान टाकताना पाहिली आणि दुबार पेरणीसाठी बियाणे उधारीवर आणले. त्या वर्षी मला पावसाने जितके बुडवले, त्याहून अधिक माझ्या घाईने बुडवले, हे आज मी तुमच्यासमोर मोकळेपणाने सांगतो. आपल्या विद्यापीठाचा सल्ला साधा आहे. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेली आणि वाफसा आला, की सोयाबीन पेरावे. सोयाबीनची पेरणी 15 जुलैपर्यंत करता येते, त्यामुळे आज हातातून काहीही निसटलेले नाही. मूग-उडीद लावणाऱ्यांनी तेवढी वाट पाहू नये, कारण त्यांना उशीर सोसत नाही. उरलेल्यांच्या हाती अजून पाच आठवडे आहेत.

हे थांबणे रिकामे बसणे नव्हे. घरचे बियाणे ज्यांनी राखले आहे त्यांनी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत आणि सहा-सात दिवसांनी मोजावेत. सत्तर किंवा त्याहून अधिक उगवले, तर एकरी 26 किलो बियाणे पुरते. कमी उगवले, तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे लागते. सोयाबीनचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे सुधारित वाणाचे घरचे बियाणे तीन वर्षे वापरता येते आणि दरवर्षी महागड्या पिशवीपुढे हात पसरण्याची गरज राहत नाही. ज्यांना जमेल त्यांनी रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरावे. उघडीप पडली तर वरंब्यातील ओल टिकते आणि एकदम पाऊस कोसळला तर सरीतून जास्तीचे पाणी निघून जाते. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी असल्या, की एका पिकाने दगा दिला तरी घर दुसऱ्यावर उभे राहते.

आता भावाबद्दल. यंदा सोयाबीनचा हमीभाव 436 रुपयांनी वाढून क्विंटलला 5,328 रुपये झाला आहे. बाजारात मात्र आजही दर त्याच्या बराच खाली आहे. त्यातच मागच्याच आठवड्यात केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आणले. ब्राझील-अर्जेंटिनाचे पीक, पेंडीची निर्यात आणि दिल्लीतला एखादा आदेश आपल्या खळ्यावरच्या पोत्याची किंमत ठरवतात, आणि त्यांपैकी एकही गोष्ट आपल्या हातात नाही. याचा राग येणे स्वाभाविक आहे. तो राग मागणीच्या रूपाने वरपर्यंत पोहोचवण्याचे काम सोसायटी करीलच. पण घर रागावर चालत नाही, म्हणून आपल्या हातात काय आहे ते पाहू.

2021 चा ऑगस्ट आठवा. लातूरच्या बाजारात सोयाबीन दहा हजारांच्या पुढे गेले होते, तेव्हा बहुतेकांची घरे रिकामी होती. त्याच महिन्यात केंद्राने 12 लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली आणि नवा माल आला तेव्हा दर निम्म्याच्या आसपास घसरला. त्यानंतरची दोन-तीन वर्षे आपल्यातील कित्येकांनी, आणि त्यात मीही होतो, पुन्हा दहा हजार येतील म्हणून थप्प्या राखल्या. माझी चाळीस क्विंटल थप्पी घरात पडून राहिली, दाणा सुकून वजन घटले, आणि शेवटी ती सुगीच्या भावापेक्षाही कमी दराने विकावी लागली. तो धीर नव्हता, तो हट्ट होता. धीर धरणारा खर्चाचा हिशेब करून आपला दर आधी ठरवतो, त्या दराला तिसरा हिस्सा विकतो आणि उरलेला माल टप्प्याटप्प्याने काढतो.

दिवाळीच्या तोंडावर मुलांची फी, दुकानदाराची उधारी आणि पीककर्जाची तारीख एकदम येते, आणि अशा वेळी एकट्या माणसाला धीर परवडत नाही. तेव्हा माल आडतीवर टाकावाच लागतो, यात कोणाचाही दोष नाही. हा धीर परवडावा यासाठीच सोसायटी आहे, असे मी मानतो. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990 पासून चालू आहे आणि बाजार समितीमार्फत ती आपल्याला मिळते. गोदामात एक लाखाचे सोयाबीन ठेवले, तर 75 हजार रुपये सहा टक्के व्याजाने मिळतात. सहा महिन्यांचे व्याज 2,250 रुपये होते आणि माल आपल्याच नावावर राहतो. या हंगामात अर्ज, वाहतूक आणि गोदामाची जागा यांची व्यवस्था सोसायटी एकत्रितपणे करील, म्हणजे दोन-तीन एकरवाल्या सभासदाला त्यासाठी तालुक्याला चार खेपा घालाव्या लागणार नाहीत.

हमीभाव खरेदीच्या वेळी गेल्या वर्षी ओलाव्यावरून किती माल परत आला, हे सर्वांना ठाऊक आहे. मर्यादा 12 टक्के असते. नोव्हेंबर 2024 मध्ये ती 15 पर्यंत वाढवली, पण तोवर अनेकांनी पडत्या भावाने माल विकून टाकला होता. यंदा सोसायटी ओलावा मोजण्याचे यंत्र घेत आहे. माल घरातून निघण्यापूर्वीच तपासता येईल, तो जास्त ओला निघाला तर दोन दिवस अधिक वाळवता येईल आणि रिकाम्या भाड्याची चाट बसणार नाही.

या सभेला ज्या माता-भगिनी आल्या आहेत, त्यांना एक विनंती आहे. घरातील खर्चाची खरी तारीखवार यादी तुमच्याकडेच असते. ती दसऱ्याआधी सचिवांकडे द्या, म्हणजे कोणाला केव्हा किती उचल लागेल हे आधीच कळेल आणि ऐन वेळी कोणाचेही पोते मिळेल त्या भावाने बाजारात जाणार नाही.

ज्यांचे मागील कर्ज थकले आहे त्यांनी सभेपासून दूर राहू नये. आपण त्यांना नावाने हाक मारून बोलावू आणि त्यांच्या हप्त्यांबाबत बँकेशी सोसायटी स्वतः बोलेल.

आज सायंकाळी सहा वाजता सोसायटीच्या ओट्यावर उगवणचाचणी सुरू होईल. घरच्या बियाण्याची मूठभर पुडी आणा आणि पुडीवर आपले नाव व वाण लिहून द्या. पुढच्या गुरुवारी, 12 जूनला, याच ठिकाणी सर्वांसमोर दाणे मोजू, पर्जन्यमापकातील नोंद वाचू आणि कोणी केव्हा पेरायचे ते त्या दिवशी बसून ठरवू.