कचरा प्रकल्पाच्या सादरीकरणासाठी माझे प्रश्न

तुम्हा चौघांना,

तुमचा ४६ पानी अहवाल मी दोनदा वाचला. एकदा संध्याकाळी चहाबरोबर, आणि दुसऱ्यांदा कॅल्क्युलेटर घेऊन. शनिवारी साडेदहाला सादरीकरण आहे आणि बाह्य परीक्षक म्हणून प्रश्न मलाच विचारायचे आहेत. परीक्षकाने प्रश्न आधी पाठवायचे नसतात, पण तुमच्या सरांना विचारून पाठवते आहे. आरोग्य निरीक्षक म्हणून मी २७ वर्षं लोकांना सकाळी सात वाजता दारात गाठून गोंधळात पाडलं. आता तुम्हाला पाडण्याची हौस नाही. तयारी करून या, म्हणजे बोलणं तरी होईल.

आधी तीन ठिकाणं मांडून घेऊ. कर्वेनगरची ८४ फ्लॅटची सोसायटी, कसबा पेठेतली वाड्यांची गल्ली आणि जनता वसाहतीतली चढावरची वस्ती, मिळून २४० घरं. निवड चांगली आहे. पुण्याचा कचरा या तीन ठिकाणी तीन वेगळ्या पद्धतीनं निघतो, हे तुम्हाला उमगलं असावं. नसेल तर निदान नशीब चांगलं.

१. पान ११ उघडा. घरटी रोजचा कचरा तुम्ही १.६ किलो धरलाय आणि सोसायटीत ८४ घरं आहेत. गुणाकार तुमच्याच अहवालात नाही, म्हणून मी केला: १३४ किलो. २०१६ च्या घनकचरा नियमांत दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्याला मोठा कचरा निर्माता म्हणतात. मग ही सोसायटी तुम्ही ‘सामान्य निवासी’ रकान्यात कशी टाकली? तिचा ओला कचरा आवारातच जिरायला हवा होता की पालिकेनं उचलायला? कमिटीच्या सेक्रेटरींना हे विचारलंत का, आणि विचारलं असेल तर ते काय म्हणाले? (सहसा म्हणतात, ‘पिट होता हो, वास यायला लागला, बंद केला.’ तुम्हाला वेगळं काही ऐकायला मिळालं असेल तर मला खरंच ऐकायचंय.)

२. तो पिट का बंद पडला? कोकोपीट कोण आणत होतं, ढवळत कोण होतं, त्याचा पगार कोणाच्या खात्यातून जात होता? गांडूळखत प्रकल्प असलेल्या मिळकतीला मिळकतकरात सवलत मिळते, हे किती फ्लॅटधारकांना ठाऊक होतं? या चार ओळी अहवालात असत्या तर मी परिशिष्टाची सहा पानं आनंदानं सोडून दिली असती.

३. आता बचतीचं गणित. तुमचं म्हणणं असं की २४० घरांचा ओला कचरा जागेवर जिरला तर रोज सुमारे २३० किलो वाहतूक वाचते, आणि टनाला २,१०० रुपये धरून वर्षाला पावणेदोन लाखांची बचत होते. आकडेमोड बरोबर आहे, मी तपासली. प्रश्न असा: २३० किलो कमी भरले म्हणून गाडी त्या दिवशी निघायची थांबते का? चालक तोच, दोन बिगारी तेच, डिझेल जवळपास तेवढंच. खर्च खरा उतरतो तो एक अख्खी फेरी रद्द होते तेव्हा. मग किती घरांनी वर्गीकरण केलं तर आरोग्य कोठीच्या हद्दीतली एक फेरी बंद करता येईल? तो आकडा काढून आणा. चुकला तरी चालेल, पण कसा काढला ते फळ्यावर दाखवा.

४. याच पानावर एक ओळ आहे जी वाचून मी चष्मा काढून पुसला. ‘वापरकर्ता शुल्कातून पालिकेचं वार्षिक उत्पन्न: २,३०,४०० रुपये.’ म्हणजे २४० घरं, ८० रुपये, १२ महिने. हे पैसे पालिकेच्या तिजोरीत जातात, हे तुम्हाला कोणी सांगितलं? पुण्यात २००८ पासून ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेबरोबर जी दारोदार पद्धत सुरू झाली, तिचा पायाच असा की घरानं दिलेलं शुल्क कचरा उचलणाऱ्या बाईच्या हातात पडतं. ती तिची मजुरी आहे. तुम्ही ती उत्पन्नात धरलीत, आणि दारोदार उचलण्याचा खर्च मात्र शून्य दाखवलात. ताळेबंद जुळला तो त्यामुळे. ही ओळ काढल्यावर तुमचा निष्कर्ष टिकतो का? आणि हेच काम उद्या ठेकेदाराच्या घंटागाडीला दिलं तर ते पैसे कुठल्या रकान्यात, कुठल्या बाजूला बसतील?

५. पान २३ चा फोटो कोणी काढला, त्याचं मला कौतुक वाटतं. सोसायटीच्या मागच्या फाटकाशी पोतं पसरलंय, दोघी मावशी उकिडव्या बसल्यात आणि एकीच्या हातात मेथीच्या काड्यांतून काढलेला डायपर आहे. काड्या त्याला चिकटलेल्या दिसतात. हातमोजा एकाच हाताला. शेजारी घरातून ‘वेगळा करून’ आलेला हिरवा डबा तसाच उघडा.

पुढच्याच पानावर तुम्ही वेळ नोंदवलीय: गोळा करायला १ तास १० मिनिटं, पुन्हा निवडायला १ तास ३५ मिनिटं. ही नोंद तुमच्या अख्ख्या अहवालातली सगळ्यात मौल्यवान गोष्ट आहे आणि तुम्ही ती फोटोखाली बारीक अक्षरात टाकून विसरलात. महिन्याचे २६ दिवस धरा, दोघी धरा: ८२ तास. घरात जे दहा सेकंदांत व्हायला हवं होतं त्यापायी हे ८२ तास जातात. त्याचे पैसे कोण देतं? तुमच्या खर्चाच्या तक्त्यात हा रकाना का नाही? शनिवारी बाकी काही जमलं नाही तरी या एका प्रश्नाचं उत्तर हवंच. ‘स्रोतापाशी वर्गीकरण’ हे शब्द तुमच्या शीर्षकात आहेत. प्रत्यक्षात वर्गीकरण कुठे झालं, हे तुमचाच फोटो सांगतोय.

६. त्याला जोडूनच: पुठ्ठा, बाटल्या, रद्दी असा विकला जाणारा सुका कचरा सोसायटी परस्पर भंगारवाल्याला देते, असं पान २६ वर आहे. मग मावशींच्या वाट्याला काय उरतं? वेफर्सची पाकिटं आणि ओला कचरा. त्यांच्या महिन्याच्या कमाईवर याचा किती फरक पडतो, विचारलं होतं?

७. नागरिकांचं वर्तन. ९१ टक्के कुटुंबं म्हणाली, ‘आम्ही वेगळा करतो.’ पुण्यात दारावर वही-पेन घेऊन उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला ‘नाही करत’ असं कोण सांगेल? त्याच परिशिष्टात तुम्ही ४० डबे उघडून पाहिलेत, त्यातले नीट निघाले १७. हे दोन आकडे एकाच स्लाइडवर शेजारी शेजारी मांडा आणि मधल्या दरीबद्दल बोला. ती दरी हाच तुमचा विषय आहे.

आणि प्रश्नावली भरली कोणी? घरमालकानं किंवा मालकिणीनं. डबा खाली कोण आणतं? कर्वेनगरात तरी बहुतेक घरी भांड्याला येणाऱ्या ताई. त्यांना एकही प्रश्न विचारलेला नाही. ओटा आवरताना कुठलं सालपट कुठल्या डब्यात, हे ज्या हातांवर आहे ते हात तुमच्या नमुन्यातच नाहीत.

८. जनता वसाहतीबद्दल तुमचं वाक्य: ‘या भागात जागरूकतेचा अभाव आढळतो.’ दहा बाय दहाच्या खोलीत दोन डबे कुठे ठेवायचे, याचा आराखडा काढून आणा. पाणी ठरावीक वेळेला येत असेल तर पिशवी न घालता ओल्याचा डबा रोज कोण आणि कशानं धुणार? ढकलगाडी चढावर कुठपर्यंत जाते आणि तिथून वरची घरं कचरा कधी, कसा खाली आणतात? कामाला जाणाऱ्या बायका सकाळी सहाला बाहेर पडतात. गोळा करणारी व्यक्ती किती वाजता येते? हे सगळं मांडून झाल्यावरही ‘जागरूकतेचा अभाव’ शिल्लक राहिला, तर मी मान्य करीन.

९. इथे माझा एक किस्सा सांगते, कारण पान ३३ वर तुम्ही दंड वाढवण्याची शिफारस केलीय. बऱ्याच वर्षांपूर्वी पेठेतल्या एका आजोबांना मी कचरा एकत्र टाकल्याबद्दल पावती फाडली. त्यांनी पैसे मोजून दिले, चपला घातल्या आणि म्हणाले, ‘बाई, चला जरा कोपऱ्यापर्यंत.’ कोपऱ्यावर एका ठेकेदाराची गाडी उभी होती. हिरवा डबा आणि पांढरा डबा, दोन्ही एकाच हौद्यात उपडे होत होते. आजोबा काही बोलले नाहीत, पावतीची घडी घालून खिशात ठेवली. त्या गल्लीत पुढे मला वर्गीकरणावर तोंड उघडता आलं नाही. तर प्रश्न: तुमच्या तीन ठिकाणी गाडीत ओला-सुका वेगळा राहतो का? गाडीच्या मागे मागे, ती रिकामी होते त्या रॅम्पपर्यंत कोणी गेलं होतं? दंड वाढवायचाच असेल तर पहिला कोणाला?

१०. सॅनिटरी पॅड आणि डायपर वेगळे गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायची मोहीम पुण्यातच कचरावेचक बायकांच्या पुढाकारानं झाली. तुमच्या अहवालात तिचा उल्लेख नाही. ४० डब्यांत लाल ठिपका किती वेळा दिसला?

११. सर्वेक्षण जानेवारीत झालं. मे महिन्यातल्या आंब्याच्या कोयी, जुलैतला भिजून लगदा झालेला पुठ्ठा, गणपतीतलं निर्माल्य, दिवाळीआधी निघणाऱ्या गाद्या यांचं काय? थोडक्यात सांगा.

१२. तुमचा खर्चाचा तक्ता रॅम्पवर संपतो, कचरा मात्र पुढे जातो. कचरा डेपोजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी गाड्या अडवल्या, शहरात कचरा तुंबला, हे तुम्ही चौथीत-पाचवीत असताना झालं असेल. घरी विचारा, आठवेल कोणाला तरी. तिथल्या विहिरींच्या पाण्याची किंमत तुमच्या टनामागच्या २,१०० रुपयांत आहे का? नसेल तर ‘प्रक्रियेचा एकूण खर्च’ हे शीर्षक बदला.

एक विनंती. शेवटच्या स्लाइडवर ‘जनजागृती करणे गरजेचे आहे’ असं लिहिलंय. मी नोकरीला लागले तेव्हाच्या अहवालातही हेच वाक्य होतं. त्या जागी तीन ठिकाणांसाठी तीन बदल लिहा, आणि प्रत्येकासमोर लिहा की सोमवारी सकाळी कोणी, कुठे, काय वेगळं करायचं.

येताना ४० डब्यांच्या वजनांची मूळ वही आणा, टाइप केलेली नको. डाग पडलेले असले तरी चालतील. आणि जमलं तर त्या दोघी मावशींना बोलवा. त्यांचा त्या दिवशीचा खाडा होणार असेल तर मजुरीचं मी तुमच्या सरांशी बोलले आहे. प्रश्न ५ चं उत्तर तुमच्यापेक्षा त्या कमी वेळात देतील.