गौरी आणि अनिकेत यांचा विवाह : पाहुण्यांसाठी विधींची ओळख

सस्नेह नमस्कार.

आज आमच्या घरच्या लग्नाला नाशिकमधील आमचे अनेक शेजारी, गौरीच्या रुग्णालयातील सहकारी आणि अनिकेतचे सोलापूरचे मित्र आले आहेत. त्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी लग्ने वेगळ्या पद्धतीने होतात. समोर काय चालले आहे हे कोणालाही विचारावे न लागता कळावे, यासाठी ही पुस्तिका छापली आहे. मराठी घरांतही गावागावाप्रमाणे आणि कुळाप्रमाणे पद्धती बदलतात. येथे आमच्या दोन घरांत जे होते, तेच सांगितले आहे.

मुहूर्तापूर्वी

वराचे स्वागत करणारे सीमांतपूजन काल संध्याकाळी झाले. पूर्वी वऱ्हाड गावाच्या वेशीवर आले, की तेथेच हा सत्कार होत असे. आता तो कार्यालयातच होतो. आज सकाळी आधी अनिकेतला हळद लागली आणि त्यातलीच उरलेली, म्हणजे उष्टी हळद, गौरीला लावली गेली. अकरा वाजल्यापासून गौरी आतल्या खोलीत पिवळी साडी नेसून गौरीहरापुढे बसेल. हे शंकर-पार्वतीचे पूजन असून त्या वेळी ती मूठ-मूठ तांदूळ देवीवर वाहत असते. तेथे जाऊन तिला भेटण्यास कोणाचीही हरकत नाही. मात्र तिला उठवू नये.

मंगलाष्टके (दुपारी १२ वाजून २२ मिनिटे)

लग्नाचा हा मुख्य क्षण आहे आणि तुमचाही त्यात सहभाग आहे. अनिकेत पाटावर उभा राहील आणि त्याच्यासमोर कुंकवाने स्वस्तिक काढलेले पांढरे वस्त्र, म्हणजे अंतरपाट, धरला जाईल. गौरीला तिचे मामा मंडपात घेऊन येतील. दोघांच्या कपाळावर मोत्यांच्या मुंडावळ्या बांधलेल्या दिसतील. अंतरपाट दूर होईपर्यंत दोघांनी एकमेकांना पाहायचे नसते. (सकाळी दोघांची छायाचित्रे एकत्रच काढून झाली आहेत, हे गुरुजींना कळू देऊ नये.)

त्यानंतर मंगलाष्टके म्हटली जातात. ही आशीर्वादाची पद्ये असून ती बहुधा शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. काही आमच्या आत्याबाईंनी स्वतः रचली आहेत. प्रवेशद्वारापाशी तुमच्या हातात दिलेल्या कुंकू लावलेल्या तांदळांना अक्षता म्हणतात. प्रत्येक पद्याच्या शेवटी ‘शुभमंगल सावधान’ हे शब्द ऐकू आल्यावर थोड्याशाच अक्षता वधूवरांच्या दिशेने, पण डोळ्यांना लागणार नाहीत अशा बेताने, हलक्या हाताने टाकाव्यात. पहिल्याच पद्याला मूठ रिकामी करणारे शेवटी रिकाम्या हाताने उभे राहतात, म्हणून जपून. अखेरच्या पद्यानंतर वाजंत्री वाजेल, अंतरपाट दूर होईल आणि दोघे एकमेकांना हार घालतील. पुढचे विधी तासभर चालतात. ते बसून पाहावेत किंवा थेट जेवायला जावे, दोन्ही चालते.

कन्यादान, होम आणि सप्तपदी

कन्यादानात गौरीची आई पाण्याची धार धरेल आणि ते पाणी वडील, वधू व वर यांच्या ओंजळींतून खालच्या काशाच्या भांड्यात पडेल. मुलगी ही देण्याची वस्तू नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. तरीही हा विधी ठेवला आहे तो त्यातील वराच्या वचनासाठी. ‘धर्म, अर्थ आणि काम यांत मी हिला डावलून वागणार नाही’ असे वर येथे तीनदा कबूल करतो. आज गौरीही हेच वचन अनिकेतला देणार आहे.

मंगळसूत्र बांधल्यावर लाजाहोम होईल. गौरीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालेल आणि ती त्या अग्नीला अर्पण करेल. याच सुमारास तो अनिकेतचा कान पिळेल. हे भांडण नव्हे. बहिणीला नीट सांभाळण्याची ती ताकीद असते आणि त्याबद्दल मेहुण्याला नवे कपडे मिळतात.

सप्तपदीत तांदळाच्या सात लहान राशींवर गौरी उजवे पाऊल ठेवत पुढे जाईल. अन्न, बळ, धन, सुख, संतती, ऋतू आणि शेवटी सख्य, अशी ही सात पावले आहेत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसारही, ज्या विवाहात सप्तपदी असते तो सातवे पाऊल पडताच पूर्ण होतो. त्यामुळे या वेळी शक्य तितकी शांतता राखावी, ही विनंती.

काही सूचना

स्टेजवर येताना पादत्राणे खाली काढावीत. प्रवेशद्वाराशी कुंकू लावून घेणे किंवा अक्षता टाकणे कोणालाही बंधनकारक नाही. नुसते उभे राहून दिलेल्या शुभेच्छाही तितक्याच पोहोचतात. जेवण पूर्ण शाकाहारी असून मसालेभात, अळूची भाजी, मठ्ठा आणि जिलेबी असा बेत आहे. कांदा, लसूण व बटाटा नसलेली ताटे डाव्या हाताच्या पंगतीत मिळतील. वाढपी आग्रह करतील, तेव्हा नको असल्यास ताटावर आडवा हात धरावा. कृपया आहेर आणू नये.