आखाजीच्या सगळ्यांना खूप खूप शुभेच्छा!

आप्पा, मोठी माय, नाना, नानी, दोन्ही फुई, तुम्हा सगळ्यांना इथूनच वाकून नमस्कार. 🙏

आज अमळनेरच्या घरी पहाटेच घागर भरली. नव्या घागरीवर छोटं केळं, त्यावर डांगर आणि आंबे ठेवले. आप्पांनी आगारी टाकली, बाबांचं नाव घेताना त्यांचा आवाज भरून आला. बाबांशिवायची ही पहिलीच आखाजी. दारातला निंब मात्र त्यांनीच लावलेला, आणि आज त्याच्यावरच झोका बांधलाय.

ज्या लेकी माहेरी आल्या, त्यांनी पोटभर झोका खेळा, आज कुणी चुलीकडे फिरकायचं नाही. सुरत आणि पुण्याच्या ताया, तुम्हाला यंदा सुट्टी मिळाली नाही, पण तुमच्या वाटचं सांडगे, कुरडया, पापड मोठ्या मायने डब्यात बांधून ठेवलंय. खापरावरच्या पोळ्या तेवढ्या इथंच येऊन खाव्या लागतील.

सुना पण कुणाच्या तरी लेकीच. वहिनी, तुम्ही माहेरी निवांत राहा, इकडची काळजी करू नका.

पिल्लांनो, आमरस किती वाट्या संपवला ते इथं बोलून पाठवा, लिहू नका. आजोबांना तुमचा आवाज ऐकायचाय. आणि उन्हात बिनटोपीचं हिंडू नका रे!

संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल लावतो. नानींना नीट ऐकू येत नाही, म्हणून एकेकानं बोला, मोठ्यानं बोला.

तुमचा,
मधला भाऊ